आईच्या चेहऱ्यावरचा ओरखडा: पुसायचा की ठेवायचा, हे ठरते कसे?

जुन्या घरगुती फिल्मवरचा ओरखडा काढता येईल का, या प्रश्नाला आज बहुतेक वेळा ‘हो’ असेच उत्तर मिळते. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ओरखडा काढल्यावर त्या जागी जे दिसणार, ते आणायचे कुठून? रेघ आकाशावरून किंवा भिंतीवरून गेलेली असेल तर हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण भिंतीचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यासारखाच असतो आणि तो उसना घेतला तर कोणाचे काही बिघडत नाही. तीच रेघ हयात नसलेल्या आईच्या चेहऱ्यावरून जात असेल, तर भरून काढलेला प्रत्येक ठिपका तिच्याविषयी काहीतरी सांगू लागतो, आणि ते खरे आहे की नाही हे सांगायला ती नसते.

हा निर्णय कसा घेतला जातो हे समजून घेण्यासाठी एक प्रसंग घेऊ. प्रसंग रचलेला आहे, पण त्यातले तंत्र आणि त्यातल्या अडचणी प्रत्यक्ष कामातल्या आहेत. फिल्म रिस्टोरेशनचे काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे एक लेक सुपर ८ फिल्मचे रीळ घेऊन येते. आई जाऊन बरीच वर्षे झालेली आहेत. रिळात आईचा चार सेकंदांचा एक शॉट आहे: ती खुर्चीत बसून बाजूला कोणाशी तरी बोलते आहे, बोलता बोलता मान वळवते, तिला कॅमेरा दिसतो आणि ती हसते. या सगळ्या वेळात तिच्या कपाळावरून, डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून थेट हनुवटीपर्यंत एक उभी रेघ आहे. लेकीची मागणी एवढीच आहे की, “रेघ तेवढी काढून द्या, बाकी कशाला हात लावू नका.” मागणी साधी वाटते, परंतु तिचे दोन भाग एकमेकांशी जुळतातच असे नाही.

आधी आकार लक्षात घेऊ. सुपर ८ ही फिल्म कोडॅक कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणली. तिच्या एका फ्रेमची रुंदी जेमतेम साडेपाच मिलिमीटर असते आणि घरगुती वापरात ती बहुधा सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने चालवली जात असे. म्हणजे आईचा चार सेकंदांचा शॉट ७२ फ्रेमचा झाला, आणि फिल्मवर मोजला तर तो एक फूट लांबीचा भरतो. या फिल्मवर ०.०२ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा नुसत्या डोळ्यांना मुश्किलीनेच दिसतो. पण दीड मीटर रुंद पडद्यावर तीच फ्रेम सुमारे पावणेतीनशे पट मोठी होते आणि ओरखडा अर्धा सेंटिमीटर जाडीचा दिसू लागतो. शिवाय अशा घरगुती फिल्म सहसा रिव्हर्सल प्रकारच्या असत. जी फिल्म कॅमेऱ्यातून गेली, तीच धुऊन प्रोजेक्टरवर लावली जाई. मध्ये निगेटिव्ह नसे. त्यामुळे चित्रपटांच्या बाबतीत जशी दुसरी, तिसरी प्रत शोधता येते आणि खराब फ्रेमच्या जागी चांगली फ्रेम लावता येते, तशी सोय इथे नाही. आईची ही छबी जगात एकाच फितीवर आहे आणि ओरखडाही त्याच फितीवर आहे.

तंत्रज्ञ पहिल्यांदा संगणकाकडे वळत नाही. तो फिल्म दिव्याच्या टेबलावर ठेवतो आणि भिंगातून एकच गोष्ट शोधतो: ओरखडा नेमका कोणत्या बाजूला आहे? फिल्मला दोन बाजू असतात. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा पाया असतो आणि दुसऱ्या बाजूला जिलेटिनचा पातळ थर, म्हणजे इमल्शन. चित्र असते ते इमल्शनमध्ये. फिल्म तिरपी धरून तिच्यावर बाजूने उजेड पाडला की पायाची बाजू जास्त चकाकते, इमल्शनची थोडी मंद दिसते, आणि ओरखडा ज्या बाजूला असतो त्या बाजूने तो उजेड पकडतो.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. पायावर ओरखडा पडला म्हणजे फक्त प्लास्टिक खरवडले गेले, चित्राला धक्का लागलेला नाही. मात्र खरवडलेल्या जागेतून जाणारा प्रकाश सरळ न जाता इकडेतिकडे फाकतो, भिंगापर्यंत पोहोचत नाही, आणि पडद्यावर काळी रेघ दिसते. घासलेल्या काचेवर पाणी ओतले की ती थोडा वेळ पारदर्शक होते, तोच उपाय इथे चालतो. फिल्म स्कॅन करताना ती एका द्रवात बुडालेल्या अवस्थेत ठेवतात. या पद्धतीला वेट गेट म्हणतात. त्यासाठी बहुधा पर्क्लोरोइथिलीन वापरतात, कारण हा द्रव प्रकाशाला जवळजवळ तेवढाच वाकवतो जेवढा फिल्मचा पाया वाकवतो. द्रव खाचेत भरतो, प्रकाशाच्या दृष्टीने खाच उरतच नाही, आणि रेघ नाहीशी होते. इथे कोणी काही पुसले नाही आणि काही भरलेही नाही, आधीपासून असलेले चित्र दिसू लागले इतकेच. हा द्रव आरोग्याला घातक असल्यामुळे ते काम बंदिस्त यंत्रात करावे लागते. चिकटपट्टीने जोडलेले जुने जोड त्यात सुटू शकतात, म्हणून आधी प्रत्येक जोड तपासावा लागतो.

इमल्शनवरचा ओरखडा ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे चित्रच खरवडले जाते. पण तिथेही ‘गेले’ आणि ‘राहिले’ यांच्या मधल्या पायऱ्या असतात, आणि ओरखड्याचा रंग त्या पायऱ्या दाखवतो. रंगीत रिव्हर्सल फिल्मच्या इमल्शनमध्ये तीन रंगांचे थर एकावर एक असतात: सर्वांत वर पिवळा, त्याखाली किरमिजी, आणि पायाला लागून निळसर हिरवा, ज्याला सायन म्हणतात. ओरखडा उथळ असेल तर फक्त पिवळा थर जातो आणि उरलेल्या दोन रंगांमुळे रेघ निळी दिसते. तो आणखी खोल गेला तर किरमिजीही जातो आणि रेघ सायन दिसते. तिन्ही थर गेले की खाली नुसता पारदर्शक पाया उरतो आणि रेघ पांढरीशुभ्र होते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ रेघेच्या जाडीपेक्षा तिच्या रंगाकडे अधिक लक्ष देतो. निळ्या रेघेखाली आई बरीचशी शाबूत असते. पांढऱ्या रेघेखाली ती नसते.

आईच्या शॉटमध्ये भिंगाखाली असे दिसते की लेकीला जी एक रेघ वाटत होती, त्या प्रत्यक्षात तीन रेघा आहेत. दोन काळ्या रेघा पायाच्या बाजूला आहेत, केसासारख्या बारीक आणि एकमेकींना जवळजवळ चिकटून. तिसरी इमल्शनच्या बाजूला आहे आणि तिचा रंग बदलत जातो: पहिल्या ३३ फ्रेममध्ये निळा, ३४ ते ४७ मध्ये सायन, ४८ ते ५८ या ११ फ्रेममध्ये पांढरा, आणि नंतर पुन्हा सायन होऊन शेवटी निळा. त्या ११ फ्रेममध्ये रेघ रुंदही झाली आहे, नेहमीच्या सुमारे तिप्पट. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या जागी, एखादा कठीण कण अडकला, साडेचार सेंटिमीटरभर फिल्म त्याच्यावर घासत गेली आणि मग तो निघून गेला, असा याचा अर्थ लावता येतो.

पण तो प्रोजेक्टरचाच दोष कशावरून? ओरखडा चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यातही पडू शकतो, आणि या दोहोंतला फरक पुढच्या निर्णयासाठी लागतो. सुपर ८ च्या एका काडतुसात, म्हणजे कॅमेऱ्यात बसवायच्या फिल्मच्या बंद डबीत, १५ मीटर फिल्म मावते, म्हणजे ३६०० फ्रेम, तीन मिनिटे वीस सेकंद. मोठे रीळ करायचे तर अशा लहान फिती एकीला एक जोडाव्या लागत. तंत्रज्ञ शॉटच्या अलीकडचा आणि पलीकडचा जोड शोधतो. काळ्या रेघांपैकी एक रेघ दोन्ही जोडांवरून सरळ पार होते. वेगवेगळ्या दिवशी चित्रित झालेल्या फितींवर एकाच जागी न तुटता गेलेली रेघ जोड बसवल्यानंतरच पडलेली असणार. दुसरी काळी रेघ आणि रंग बदलणारी रेघ मात्र संपूर्ण रिळावर नाहीत. त्या आईच्या शॉटच्या काही सेकंद आधी सुरू होतात आणि काही सेकंदांनंतर संपतात, पण दोघींची सुरुवात आणि शेवट एका फ्रेमवर येत नाहीत. त्यांच्यातली लांब रेघ अलीकडचा जोड ओलांडून आधीच्या फितीवर गेलेली आहे. म्हणजे रिळाचा हा भाग बाकीच्या भागापेक्षा जास्त वेळा चालवला गेला असावा: कोणीतरी मागे घेऊन, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

इथे तंत्रज्ञाला जिभेवर ताबा ठेवावा लागतो. कोणी चालवला, कधी, आई गेल्यानंतर की आधी, हे फिल्म सांगत नाही. घरातल्या कोणाचे तरी दुःख त्या रेघांत वाचण्याचा मोह मोठा असतो, आणि लेकीला ते ऐकायलाही आवडेल. पण पुराव्यातून निघते ते एवढेच की हा शॉट इतर शॉटपेक्षा अधिक वेळा यंत्रातून गेला. तो तिला तेवढेच सांगतो. ती थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, “बाबांकडे रात्री प्रोजेक्टर चालू असायचा.” ही तिची आठवण आहे. ती नोंदवायची झाली तर ‘कुटुंबीयांनी सांगितल्यानुसार’ अशी नोंदवायची, फिल्मच्या तपासणीचा निष्कर्ष म्हणून नाही.

चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे १९३८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फियाफ’ची, एक आचारसंहिता आहे. तिचा या प्रश्नाशी लागू होणारा आशय असा की, रिस्टोरेशन करताना जे अपुरे आहे ते पुरे करावे आणि काळाने व वापराने चढलेली पुटे काढावीत, पण मूळ वस्तूचे स्वरूप किंवा ती घडवणाऱ्याचा हेतू बदलू नये. घरगुती फिल्मला हा नियम कोणी बंधनकारक केलेला नाही, तरी तो इथे कामी येतो. ओरखडा कॅमेऱ्यात पडला असता तर तो चित्रीकरणाच्या क्षणाचाच भाग मानून ठेवावा, असे म्हणणारे बरेच जण निघाले असते. इथे तो वापराने पडलेला आहे, म्हणून काढायला तत्त्वतः हरकत नाही. माझ्या मते हा नियम काढण्याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. भरण्याबाबत तो तेवढा स्पष्ट नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे.

काम सुरू होते तेव्हा सोपा भाग खरोखर सोपा जातो. वेट गेटमधून स्कॅन केल्यावर दोन्ही काळ्या रेघा जवळजवळ नाहीशा होतात. आता फक्त रंग बदलणारी रेघ उरते. २००० च्या आसपास ठिपके रुंद असलेल्या स्कॅनमध्ये ती बहुतेक फ्रेमवर सात ठिपके रुंद आहे, आणि पांढऱ्या भागात साधारण बावीस.

निळ्या भागात तंत्रज्ञ एक साधी गोष्ट करतो, जी बाहेरच्या माणसाला चटकन सुचत नाही. स्कॅन केलेले चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन स्वतंत्र चित्रांचे मिळून बनलेले असते. फिल्ममधला पिवळा थर निळा प्रकाश अडवतो. म्हणून फक्त पिवळा थर खरवडला गेला असेल तर नुकसान मुख्यतः निळ्या चित्रातच दिसते. लाल आणि हिरवे चित्र उघडून पाहिले तर तिथे रेघ जेमतेम जाणवते. खरी रंगद्रव्ये अगदी शुद्ध नसतात, त्यामुळे थोडा डाग उरतो, पण चेहऱ्याची ठेवण, भुवई, पापणीची कड हे सर्व जागेवर असते. चेहऱ्यातला उजेड-सावलीचा बारकावा आपल्या डोळ्यांना सर्वाधिक हिरव्या चित्रातून मिळतो आणि ते तर वाचलेले आहे. तेव्हा या भागात केवळ निळ्या चित्रातली सात ठिपक्यांची पट्टी दुरुस्त करायची असते, आणि तिथे काय असायला हवे हे ठरवायला उरलेली दोन चित्रे हाताशी असतात. या दुरुस्तीत अंदाजाचा वाटा फार थोडा आहे.

सायन भागात हिरवे चित्रही जाते आणि फक्त लाल उरते. इथे शेजारच्या फ्रेम मदतीला येतात. ओरखडा फिल्मवर जवळजवळ एकाच ठिकाणी राहतो, पण ३४ ते ४७ या फ्रेममध्ये आई मान वळवते आहे. दर फ्रेमला तिचा चेहरा काही ठिपके सरकतो. सात ठिपक्यांच्या रेघेखाली या फ्रेममध्ये गालाचा जो भाग दडला आहे, तो दोन-तीन फ्रेम मागे किंवा पुढे उघडा पडलेला असतो. सॉफ्टवेअर ठिपक्यांची हालचाल मोजते, शेजारच्या फ्रेममधला तो तुकडा उचलते, योग्य जागी सरकवून बसवते. जे बसवले ते आईचेच आहे, फक्त सेकंदाच्या सहाव्या-नवव्या भागाइतके अलीकडचे किंवा पलीकडचे. शिवाय उरलेले लाल चित्र इथे साक्षीदारासारखे उपयोगी पडते: उसन्या तुकड्यातले लाल चित्र आणि मूळ फ्रेममध्ये वाचलेले लाल चित्र जुळले पाहिजे. जुळले नाही, तर तुकडा चुकीच्या जागेवरून आला आहे.

याच टप्प्यावर कामे सर्वांत जास्त बिघडतात, कारण तेच सॉफ्टवेअर पूर्ण शॉटवर एकदम चालवण्याचा मोह होतो. धूळ आणि डाग ओळखण्याची त्याची रीत अशी असते की, जे एकाच फ्रेममध्ये दिसते आणि आधीच्या व नंतरच्या फ्रेममध्ये दिसत नाही, ते उपरे समजायचे. आईने मान वळवताना कानातल्यावर एका फ्रेमपुरता उजेड चमकतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तो धुळीचा कण ठरतो आणि पुसला जातो. पापणी पटकन लवली तर मिटलेला डोळाही ‘दोष’ ठरू शकतो. हे ओळखण्याची एक चांगली चाचणी आहे. मूळ स्कॅनमधून दुरुस्त केलेली फ्रेम वजा करायची आणि उरलेला फरक उजळ करून पाहायचा. काम नीट झाले असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर फक्त एक उभी पट्टी दिसते. त्या फरकाच्या चित्रात चेहरा ओळखू येऊ लागला, कानाची कड किंवा ओठांची रेषा दिसू लागली, तर दुरुस्ती ओरखड्याची हद्द सोडून आईपर्यंत पोहोचलेली आहे. तंत्रज्ञाच्या पहिल्या प्रयत्नात कानातल्याचा ठिपका तिथे स्पष्ट दिसतो. तो सॉफ्टवेअरला फक्त रेघेच्या पट्टीपुरते बांधून टाकतो आणि काम पुन्हा करतो.

दुसरी चूक दाण्यांची असते. फिल्मचे चित्र बारीक दाण्यांनी बनलेले असते आणि प्रत्येक फ्रेमवर त्या दाण्यांची मांडणी वेगळी असते, म्हणून जुने चित्र सतत किंचित सळसळत असते. भरलेल्या पट्टीत दाणे नसतील तर गालावर मेण लावल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो. एकाच फ्रेममधले दाणे पुढच्या अनेक फ्रेमवर उसने घेतले तर सगळे चित्र सळसळते आणि तेवढी पट्टी गोठलेली राहते. स्थिर फ्रेमवर यातले काहीच जाणवत नाही. शॉट पूर्ण वेगाने चालवला की ज्याला कारण सांगता येत नाही त्यालाही खटकते.

आता उरल्या त्या ४८ ते ५८ या ११ फ्रेम, पाऊण सेकंदाहूनही कमी. इथे तिन्ही थर गेलेले आहेत, म्हणून तिन्ही रंगांच्या चित्रांत काहीच शिल्लक नाही. रेघ बावीस ठिपके रुंद आहे आणि ती नेमकी डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आहे. आईची मान आता थांबलेली आहे. कॅमेरा हातात असल्यामुळे चित्र थोडे हलते, पण तीन-चार ठिपक्यांनी. तेवढ्याने बावीस ठिपक्यांखाली दडलेले काही उघडे पडत नाही. आणि याच ११ फ्रेममध्ये ती हसायला लागते. सत्तेचाळिसाव्या फ्रेममध्ये ओठ मिटलेले आहेत आणि डोळा पूर्ण उघडा आहे. एकोणसाठाव्या फ्रेममध्ये हसू पूर्ण फुललेले आहे आणि डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या उमटलेल्या आहेत. त्या सुरकुत्या कशा उमटल्या, आधी वरची की खालची, एकदम की सावकाश, हे फक्त या ११ फ्रेममध्ये होते.

तंत्रज्ञापुढे तीन मार्ग आहेत. पांढरी रेघ तशीच ठेवता येते. पण आजूबाजूचे सगळे स्वच्छ झाल्यावर ती आधीपेक्षा अधिक डोळ्यांत भरेल आणि मान वळवणारी आई दिसण्याऐवजी तेवढी रेघच दिसेल. दुसरा मार्ग म्हणजे ४७ आणि ५९ या दोन फ्रेमच्या मधले अंश मोजून डोळ्याचा कोपरा घडवायचा. तो हे करून पाहतो. परिणाम निर्दोष दिसतो. चालत्या चित्रात कोणालाही काही कळणार नाही. पण जे दिसते ते दोन टोकांच्या मधले सरासरी हसू आहे, आणि माणूस सरासरीने हसत नाही. काही माणसांचे डोळे ओठांच्या आधी हसतात, काहींचे नंतर. ही आई कशी हसायची, याचा पुरावा नेमका खरवडला गेला आहे आणि त्या जागी गणिताने काढलेले उत्तर बसवले तर पुढे तेच तिचे हसणे म्हणून पाहिले जाईल.

तिसरा मार्ग चित्रकलेच्या जतनाकडून आला आहे. रोममध्ये १९३९ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय रिस्टोरेशन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी असा आग्रह धरला की, चित्रातली गेलेली जागा पाहणाऱ्याला अडखळवू नये, पण जवळून पाहणाऱ्याला ती भरलेली आहे हे कळावे. भित्तिचित्रांवर यासाठी बारीक उभ्या रेषा मारतात. दुरून त्या मिसळून जातात, जवळ गेल्यावर रेषा दिसतात. कोणतीच खूण सापडत नसेल तर त्या जागी आकृती न काढता आजूबाजूच्या रंगांत मागे सरकणारी शांत छटा देतात. फिल्मला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही, कारण पडद्याजवळ जाऊन फ्रेम निरखण्याची सोय प्रेक्षकाला नसते, आणि रेषांचे जाळे दर फ्रेमला बदलले तर ते चमचमू लागते. पण शांत छटेची कल्पना चालते. तंत्रज्ञ त्या पट्टीतला पांढरेपणा उतरवतो, तिला शेजारच्या त्वचेची, किंचित गडद छटा देतो, तिच्यात त्याच फिल्मचे दाणे मिसळतो आणि ११ फ्रेमभर छटा एकसारखी राहील याची काळजी घेतो. डोळ्याचा कोपरा आणि सुरकुत्या तो काढत नाही. चालत्या चित्रात क्षणभर डोळ्याजवळ सावली पडल्यासारखे वाटते. फ्रेम थांबवली तर तिथे काही नाही हे उघड दिसते.

मला हा निर्णय पटतो, पण तो एकमेव प्रामाणिक निर्णय आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या मार्गाने जाणारे चांगले तंत्रज्ञ आहेत. त्यांचे म्हणणे असे की घरगुती फिल्म संग्रहालयासाठी नसते, घरच्यांनी पाहण्यासाठी असते, आणि सावली ठेवणे म्हणजे आपल्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या आईकडून वसूल करणे. या म्हणण्यात तथ्य आहे. फरक पडतो तो काय केले हे लिहून ठेवण्याने.

लेकीला तो दोन्ही आवृत्त्या दाखवतो, आधी पूर्ण वेगाने. तिला डोळा भरलेली आवृत्ती अर्थातच जास्त आवडते. मग तो त्रेपन्नाव्या फ्रेमवर दोन्ही थांबवतो.

“इथे हसू त्यांचेच आहे,” तो म्हणतो, “पण डोळ्याचा कोपरा मी घातलेला आहे.”

“चुकीचा आहे का?”

“बरोबर की चूक, हे सांगायला माझ्याकडे काही नाही.”

ती बराच वेळ पाहते. “तिचा डोळा आधी बारीक व्हायचा,” ती म्हणते, मग लगेच, “असं मला वाटतं.” तिच्या सांगण्यावरून सुरकुत्या बदलायला तो तयार होत नाही. आठवणीवरून काढलेला चेहरा हे चित्र झाले, आणि चित्र काढून घ्यायला कोणाची हरकत नाही, पण ते या फितीत घालायचे नाही. शेवटी मुख्य प्रत सावलीची ठरते. डोळा भरलेली प्रतही ती मागते आणि तो ती देतो, कारण फिल्म तिची आहे आणि आई तिची आहे. ती कशी आणि कोणाबरोबर पाहावी हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र ती प्रत वेगळ्या नावाने जाते आणि तिच्या सुरुवातीला दोन ओळींची पाटी असते.

कामाच्या नोंदीत तो लिहितो: फ्रेम १ ते ३३, प्रामुख्याने निळे चित्र दुरुस्त. फ्रेम ३४ ते ४७, शेजारच्या फ्रेममधून भरले. फ्रेम ४८ ते ५८, मूळ चित्र नष्ट; मुख्य प्रतीत छटा दिली, आकृती काढलेली नाही; दुसऱ्या प्रतीत फ्रेम ४७ आणि ५९ वरून अंदाजाने घडवले. फ्रेम ५९ ते ७२, पुन्हा पहिल्या दोन पद्धतींनी. सोबत कोणतीही दुरुस्ती न केलेला स्कॅन दिला जातो. उद्या कोणाला यापेक्षा चांगले काही करता आले, किंवा हे सर्व काढून टाकावेसे वाटले, तर सुरुवात तिथून करता येईल.

फितीवरचा ओरखडा अर्थातच आहे तिथेच आहे. पूर्वी पायाची बाजू घासून, पॉलिश करून ओरखडे घालवण्याची पद्धत होती. ती एकदा केली की परत फिरता येत नाही, म्हणून तो ती टाळतो. रीळ परत देताना तो तिला सांगतो की हा पाया ॲसिटेटचा आहे, उष्ण आणि दमट जागेत तो लवकर खराब होतो, तेव्हा डबा थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर वाट न पाहता पुन्हा घेऊन या.